भावातली फट नेमकी कोण भरतं?

सोयाबीनच्या सीझनमध्ये तुमच्या मोबाईलवर एक मेसेज हमखास येतो. त्यात लातूरच्या प्लांटचा आजचा भाव असतो. तुम्ही तो घरी वाचून दाखवता आणि म्हणता, "आपल्या वडवणीत व्यापारी चारशे रुपये कमी देतोय. लुटतोय नुसता." वडील काही बोलत नाहीत आणि माल वडवणीतच घालून येतात. तुम्हाला वाटतं, यांना काही कळतच नाही. पण जरा थांबा आणि हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा.

एकच वस्तू एका ठिकाणी स्वस्त घ्यायची, त्याच वेळी दुसरीकडे महाग विकायची आणि मधला फरक खिशात घालायचा, याला अर्थशास्त्रात आर्बिट्राज म्हणतात. परीक्षेत एवढी व्याख्या लिहून मार्क मिळतात. बाजारात मात्र "मधला फरक" या दोन शब्दांतच सगळा खेळ असतो.

समजा, वडवणीत भाव ४,३०० रुपये क्विंटल आहे आणि लातूरला ४,७००. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, आजचे भाव नाहीत.) फट चारशेची. एक व्यापारी शंभर क्विंटलचा ट्रक भरतो. भाडं बारा हजार, म्हणजे क्विंटलमागे १२० रुपये. हमाली, तोलाई, बारदाना आणि वाटेतली घट मिळून आणखी १०० रुपये धरा. खर्च झाला २२० आणि उरले १८०. एका ट्रकमागे अठरा हजार रुपये.

आता यात धोका कुठे आहे ते बघा. लातूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. ट्रक वाटेत असताना तिकडे भाव पडला तर? म्हणून मुरलेला व्यापारी माल भरायच्या आधी फोन लावतो आणि प्लांटशी सौदा पक्का करतो. इकडची खरेदी आणि तिकडची विक्री जवळजवळ एकाच वेळी ठरते. हेच खरं आर्बिट्राज. माल भरून "बघू तिकडे काय भाव लागतो" म्हणत निघणारा माणूस आर्बिट्राज करत नसतो, तो जुगार खेळत असतो.

अठरा हजारांची बातमी लपून राहत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं-तिघं ट्रक लावतात. प्रत्येकाला माल हवा असतो, म्हणून वडवणीत बोली चढते. कुणी ४,३५० देतो, कुणी ४,४००. तिकडे लातूरला आवक वाढते, प्लांटवाला भाव ४,६५० करतो. चारशेची फट अडीचशेवर येते. खर्च २२०, उरले तीस रुपये. मग चौथा ट्रक कोणी लावत नाही.

फट बंद होते ती अशी. ती बंद करावी असं कुणाच्याही मनात नसतं. प्रत्येकजण स्वतःच्या नफ्यामागे धावतो आणि त्या धावण्यानेच नफा संपतो. पण फट शून्यावर येत नाही, ती खर्चापाशी येऊन थांबते. म्हणून वडवणी आणि लातूरच्या भावात नेहमी काही ना काही अंतर दिसणारच, आणि त्यातलं बरंचसं कुणाच्या खिशात न जाता डिझेलमध्ये आणि हमालीत जातं. शेअर बाजारात माल हलवायला ट्रक लागत नाही, म्हणून तिथे एकच शेअर एनएसई आणि बीएसईवर वेगळ्या भावाला दिसला तर संगणक ती फट सेकंदाच्या छोट्याशा भागात मिटवून टाकतात. तत्त्व तेच आहे. खर्च जितका कमी, तितकी फट छोटी आणि अल्पायुषी.

मग ते पहिल्या दिवसाचे १८० रुपये शेतकऱ्याला का मिळाले नाहीत? तुमच्या घरी आठ क्विंटल सोयाबीन आहे असं धरा. लातूरपर्यंत पिकअपचं भाडं ५,६०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ७००. फट चारशेची आणि भाडंच सातशे! लातूरला नेऊन तुमचा तोटाच होणार. त्यात प्लांट साधारण दहा टक्के ओलावा, दोन टक्के काडीकचरा आणि दोन टक्के डागी दाणा एवढंच चालवून घेतो. त्यावर गेलं की भाव कापला जातो. इथे व्यापाऱ्याशी घासाघीस जमते, तिथे प्लांटच्या गेटवर गाडी उभी असताना तुमच्या हातात काहीच उरत नाही. वडील गप्प का बसले, ते आता कळलं?

इथे एक गोड गैरसमज मोडायला हवा. "शेतकऱ्याच्या हातात भावाची माहिती द्या, दलाल आपोआप संपेल" असं आपण भाषणांत ऐकतो. याच्या बाजूने एक प्रसिद्ध दाखला आहे. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान मोबाईल पोहोचला. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने दाखवून दिलं की त्यानंतर तारली मासळीच्या वेगवेगळ्या बाजारांतल्या भावांतला फरक झपाट्याने कमी झाला, मच्छीमारांचा नफाही वाढला. पण आपल्याच महाराष्ट्रात झालेला दुसरा अभ्यास फारसा कुणी सांगत नाही. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन यांनी इथल्या शेतकऱ्यांना एसएमएसवर बाजारभाव पाठवून पाहिले. त्या पिकांत सोयाबीनही होतं. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आला. मेसेज मिळालेल्या शेतकऱ्यांना मिळालेल्या भावात ठळक असा फरक पडला नव्हता.

फरक कशात होता? केरळचा मच्छीमार स्वतःच्या होडीत, माल सोबत घेऊन समुद्रातच असतो. फोन आला की होडीचं तोंड दुसऱ्या बंदराकडे वळवायचं, बस. आपल्याकडे मेसेज हातात आहे, पण ट्रक दुसऱ्याचा आहे. माहिती फुकट झाली की तिची किंमतही उरत नाही, कारण ती सगळ्यांकडेच असते. फट त्याच्याच हाती लागते ज्याच्याकडे तीन गोष्टी एकत्र असतात: गाडीभर माल, त्याच दिवशी मोजायला रोख पैसा, आणि पलीकडे सौदा पक्का करणारी ओळख.

म्हणून व्यापाऱ्याला सरसकट चोर म्हणणं चुकीचं आहे. तो ट्रक लावतो म्हणूनच वडवणीचा भाव ४,३०० वरून ४,४०० होतो. पण हे तेव्हाच घडतं जेव्हा तीन-चार व्यापारी एकमेकांवर बोली चढवतात. तेच जर सकाळी चहाच्या टपरीवर बसून "आज ४,३०० च्या वर कुणी जायचं नाही" असं ठरवून उठले, तर फट बंद होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. लातूरचा भाव वाढून आठ दिवस झाले, भाडं तेवढंच आहे, आणि तरी आपल्याकडचा भाव हललेला नाही, तर समजा की बोलीच लागत नाहीये.

यावर उतारा आहे तो गाडी भरण्यात. आठ-आठ क्विंटलवाले दहाजण एकत्र आले की ऐंशी क्विंटल होतात. बारा हजारांचं भाडं दीडशेवर येतं, बाकीचे शंभर धरून खर्च अडीचशे. चारशेच्या फटीतले दीडशे रुपये क्विंटलमागे उरतात, प्रत्येकाला बाराशे. हे थोडेच आहेत, आणि प्लांटची पट्टी निघून पैसे येईपर्यंत दम धरावा लागतो. ज्याला उद्याच दुकानदाराची उधारी द्यायचीय, तो दम धरू शकत नाही. गट तिथेच फुटतो. शेतकरी कंपन्यांनी सर्वात आधी सोडवायचा प्रश्न हाच आहे: माल दिला त्या दिवशी सभासदाच्या हातावर थोडी तरी उचल ठेवणं.

तर पुढच्या वेळी लातूरचा भाव आला की तो नुसता वाचून दाखवू नका. भाडं विचारा, शेजारी किती माल आहे ते विचारा आणि भागाकार करा. मग वडिलांशी बोला. ते या वेळी गप्प बसणार नाहीत.