हिरवी, पिवळी, लाल ढोबळी मिरची एकाच झाडाची? व्हायरल दाव्यातलं खरं किती, खोटं किती

सुपरमार्केटमध्ये एकाच पाकिटात हिरवी, पिवळी आणि लाल अशा तीन ढोबळी मिरच्या मिळतात. या पाकिटाचा फोटो आणि त्याखाली एक 'माहिती' सोशल मीडियावर पुन्हा पुन्हा फिरत असते. दावा असा की, या तीन वेगळ्या मिरच्या नाहीतच. हिरवी म्हणजे कच्ची, पिवळी म्हणजे अर्धी पिकलेली आणि लाल म्हणजे पूर्ण पिकलेली. एकच झाड, एकच फळ, फक्त तोडायची वेळ वेगळी. मग ग्राहकांनी रंगीत मिरचीला जास्त पैसे का मोजायचे, असा प्रश्नही त्याला जोडलेला असतो.

या दाव्यातला एक भाग बरोबर आहे आणि एक चूक. हिरवी ढोबळी मिरची बहुतेक वेळा कच्चीच असते, हे खरं. पण पिवळी मिरची म्हणजे लाल होण्याच्या वाटेवरची मिरची नाही. ती तिच्या परीने पूर्ण पिकलेली असते आणि झाडावर कितीही दिवस ठेवली तरी लाल होत नाही. पिवळं फळ देणारा वाण वेगळा आणि लाल फळ देणारा वाण वेगळा.

रंग नेमका कुठून येतो?

ढोबळी मिरची, तिखट लवंगी मिरची आणि भज्यांची जाड मिरची या सगळ्या वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीच्या आहेत. तिचं नाव कॅप्सिकम अ‍ॅन्युअम. म्हणजे 'प्रजाती एकच' हे विधान बरोबर. पण हापूस आणि तोतापुरी दोन्ही आंबेच असले, तरी तोतापुरी जास्त पिकवून तिचा हापूस होत नाही. इथेही तसंच आहे.

कोवळं फळ हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. फळ पक्व होऊ लागलं की हरितद्रव्य मोडतं आणि कॅरोटिनॉइड गटातली रंगद्रव्यं तयार होतात. ही रंगद्रव्यं टप्प्याटप्प्याने बनतात. आधी पिवळी आणि केशरी रंगद्रव्यं तयार होतात, आणि त्यातल्या काहींचं शेवटच्या टप्प्यात कॅप्सॅन्थिन नावाच्या लाल रंगद्रव्यात रूपांतर होतं.

या शेवटच्या टप्प्यासाठी एक विशिष्ट विकर लागतं, आणि ते तयार करण्याची सूचना एका जनुकात असते. फ्रान्समधल्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवून दिलं की, मिरचीचं फळ लाल होणार की पिवळं, हा फरक याच जनुकाशी जोडलेला आहे. लाल वाणात हे जनुक नीट काम करतं. पिवळ्या वाणांमध्ये ते अर्धवट गहाळ किंवा बिघडलेलं असतं. त्यामुळे रंगाची साखळी पिवळ्या द्रव्यापाशीच थांबते.

दाव्याची गफलत इथेच होते. रसायनशास्त्रात पिवळं द्रव्य लालच्या आधी येतं, म्हणून पिवळं फळही लाल फळाच्या आधीचं असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात लाल वाणाच्या फळात हरितद्रव्य जायच्या आतच लाल द्रव्य तयार होऊ लागतं. म्हणून ते फळ हिरव्यावरून आधी काळपट, तपकिरी डागांचं होतं आणि मग लाल. मध्ये स्वच्छ पिवळ्या रंगाचा टप्पा नसतो.

इंदुरीच्या शेतकऱ्यासाठी हा प्रश्न पैशांचा

मावळ तालुका ओळखला जातो इंद्रायणी तांदळासाठी. पण तळेगाव दाभाडे आणि आसपासच्या गावांत गेल्या काही दशकांत पॉलिहाऊसही उभी राहिली. त्यात गुलाब आणि जरबेराबरोबर रंगीत ढोबळी मिरचीही घेतली जाते. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या इंदुरीसारख्या गावातून पुणे, पिंपरी-चिंचवड आणि मुंबई या तिन्ही बाजारपेठा जवळ पडतात. अशा शेतकऱ्याला पिवळी आणि लाल मिरची एकच असल्याचा समज परवडणारा नाही.

समजा, एका शेतकऱ्याचं दहा गुंठ्यांचं, म्हणजे साधारण हजार चौरस मीटरचं पॉलिहाऊस आहे. त्यात अडीच ते तीन हजार रोपं बसतात. त्याला लाल हवी की पिवळी, हे त्याला तोडणीच्या वेळी नव्हे, तर बी घेतानाच ठरवावं लागतं. बाजारात लाल फळासाठी 'बॉम्बी' आणि पिवळ्या फळासाठी 'ओरोबेल' अशी वेगवेगळ्या नावांची संकरित बियाणी मिळतात. हे बियाणं इतकं महाग असतं की ते एकेक मोजून ट्रेमध्ये टाकलं जातं.

त्याने जूनच्या शेवटी बी टाकलं, तर रोपं महिनाभरात तयार होतात आणि 1 ऑगस्टच्या सुमारास लागवड होते. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार, लागवडीनंतर हिरवी मिरची 55 ते 60 दिवसांत तोडायला येते, पिवळी 70 ते 75 दिवसांत आणि लाल 80 ते 90 दिवसांत. म्हणजे हिरवी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पिवळी 10 ऑक्टोबरनंतर आणि लाल 20 ऑक्टोबरनंतर.

हे आकडे पाहून दावा खरा वाटू शकतो, कारण क्रम हिरवी, पिवळी, लाल असाच दिसतो. पण हे एका फळाचे तीन टप्पे नाहीत. पिवळ्या वाणाला रंग धरायला कमी दिवस लागतात आणि लाल वाणाला जास्त, एवढाच त्याचा अर्थ. 10 ऑक्टोबरला लाल वाणाच्या ओळीत गेलं, तर तिथे पिवळी फळं दिसत नाहीत. हिरवी आणि काळपट डाग पडू लागलेली फळं दिसतात.

आता रोपवाटिकेत ट्रेची अदलाबदल झाली, तर काय होईल? दोन्ही वाणांची रोपं, पानं, फुलं आणि कोवळी फळं हिरवीच असतात. नुसत्या नजरेने खात्रीने ओळखता येत नाही. चूक कळते ती पहिल्या फळाला रंग फुटल्यावर, म्हणजे बी टाकल्यापासून जवळपास साडेतीन महिन्यांनी. तोवर ठरलेल्या व्यापाऱ्याला द्यायचा रंग बदलण्याचा मार्ग उरलेला नसतो. म्हणून ट्रेवर वाणाचं नाव लिहिणं आणि बियाण्याचं पाकीट जपून ठेवणं, ही साधी कामं महत्त्वाची ठरतात.

मग शेतकऱ्याच्या हातात काय असतं?

हिरवी की रंगीत, एवढंच. लाल वाणाचं फळ तो हिरवं असताना तोडू शकतो किंवा थांबून लाल तोडू शकतो. पिवळ्या वाणाचं फळही हिरवं विकता येतं.

थांबण्याची किंमत मात्र मोठी असते. रंगासाठी फळ आणखी दोन ते चार आठवडे झाडावर राहतं. तेवढा काळ ते झाडाचं अन्न ओढत राहतं, त्यामुळे वरची नवी फुलं गळतात आणि पुढची फळधारणा कमी होते. हिरवी फळं वेळच्या वेळी तोडली, तर त्याच झाडाला जास्त फळं लागतात. शिवाय या वाढीव दिवसांत उन्हाचा चट्टा पडणं, फुलकिड्यांमुळे साल खरवडल्यासारखी होणं, फळाचं टोक काळं पडणं असे धोके असतात. हिरव्या फळावरचा लहानसा चट्टा खपून जातो, पण लाल किंवा पिवळ्या सालीवर तोच डाग उठून दिसतो आणि दर पडतो.

म्हणूनच हिरवी मिरची उघड्या शेतात घेतली जाते, पण चांगल्या रंगीत मिरचीसाठी पॉलिहाऊस किंवा शेडनेट लागतं. वाढीव दिवस, कमी फळं आणि आच्छादनाचा खर्च, या सगळ्यामुळे रंगीत मिरची महाग पडते. 'फक्त उशिरा तोडली' हे लाल मिरचीबाबत खरं असलं, तरी तो उशीर फुकटचा नाही.

घरी कसं ओळखायचं?

बाजारात कधी कधी अर्धी हिरवी आणि अर्धी पिवळी मिरची मिळते. रंगीत मिरची 50 ते 80 टक्के रंग आल्यावर तोडतात, कारण उरलेला रंग वाहतुकीत आणि साठवणीत भरतो. अशा मिरच्या नीट पाहिल्या, तर हिरव्या-पिवळ्या आणि हिरव्या-लाल या दोन जोड्या सहज सापडतात. पिवळीवर लाली चढत असलेली ढोबळी मिरची मात्र सहसा सापडत नाही. पिवळी खरोखर मधला टप्पा असती, तर तशी फळं ढिगाने दिसली असती.

घरी आणलेली पूर्ण पिवळी मिरची आठवडाभर ठेवली, तरी ती सुरकुतते पण लाल होत नाही. पूर्ण हिरवी मिरचीही केळ्यासारखी घरात पिकत नाही. ती नुसती मऊ पडते. रंग फुटायला सुरुवात झालेली मिरचीच पुढे रंगते.

पोषणाचे आकडेही हेच सुचवतात. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार, 100 ग्रॅम हिरव्या मिरचीतून 18 मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व मिळतं आणि लाल मिरचीतून 157. पिवळी मध्ये असती, तर तिचा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडला असता. तो आहे 10, म्हणजे हिरवीपेक्षाही कमी. 'क' जीवनसत्त्व मात्र पिवळीत सर्वांत जास्त, 184 मिलिग्रॅम आहे. लाल मिरचीत ते 128 आणि हिरवीत 80 आहे.

एक अपवाद

ढोबळी मिरची सोडून मिरचीच्या इतर प्रकारांकडे पाहिलं, तर 'पिवळी म्हणजे कच्ची' हे कधी कधी खरं ठरतं. हंगेरियन वॅक्स नावाची लांबट मिरची कोवळी असताना फिकट पिवळी असते आणि पिकल्यावर केशरी होत लाल होते. काही वाणांची जांभळी ढोबळी मिरचीही पिकल्यावर लाल होते, म्हणजे तिथे जांभळा हा कच्चेपणाचा रंग आहे. पण सुपरमार्केटच्या तीन रंगांच्या पाकिटातली पिवळी या प्रकारातली नाही.

निष्कर्ष

व्हायरल दावा अर्धसत्य आहे. हिरवी आणि लाल ढोबळी मिरची एकाच झाडाची असू शकते. हिरवी आणि पिवळीही एकाच झाडाची असू शकते. पण पिवळी आणि लाल या दोन्ही एकाच झाडाला लागत नाहीत, कारण त्यांचा पिकल्यानंतरचा रंग बियाण्यातच ठरलेला असतो.