पोरं सांगताहेत, तोवर ऐकून घ्या

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या आईबाबांनो, तुमच्या घरात नववीपासून पीयूसीपर्यंत शिकणारं मूल असेल, तर एक गोष्ट आजच ठरवून ठेवा. संध्याकाळची वेळ आहे. मांडीवर विड्यांचं सूप आहे, हजार पुरे व्हायचेत. आणि लेक हळूच म्हणते, ‘आई, मला वर्गातला एक मुलगा आवडतो.’ त्यावर तुम्ही काय म्हणाल? आयत्या वेळी सुचत नाही. आयत्या वेळी हात उठतो.

हात उठला, मोबाइल काढून घेतला, कॉलेज बंद केलं, की तुम्हाला वाटतं प्रकरण मिटलं. मिटत नाही, फक्त तुमच्यापासून लपतं. पुढे तो मुलगा फोटो मागो, धमकी देवो, पळून जाऊ म्हणो, तुम्हाला कळणार नाही. निपाणीहून कागल किती लांब आहे हे पोरांना चांगलं माहीत असतं.

म्हणून त्या संध्याकाळी एवढंच म्हणा, ‘बरं झालं मला सांगितलंस. उद्या निवांत बोलू.’ आणि खरंच थांबा. रात्री आत्याला, मामाला फोन लावू नका. दुसऱ्या दिवशी विचारा: तो कोण, वय काय, कुठे भेटता? फोटो मागतो का? कुणाला सांगू नको म्हणतो का? तू नाही म्हणालीस तर ऐकतो का? घरात मुलगा असेल तर हे सगळं त्यालाही विचारा. मुलाच्या आईवडिलांना वाटतं आपलं काय जातंय. सगळ्यात जास्त त्यांचंच जाऊ शकतं.

ते कसं, ते ऐका. पोक्सो कायद्यात अठराच्या आतल्या मुलीची संमती धरलीच जात नाही. शरीरसंबंध आला आणि तक्रार झाली, तर प्रेम होतं हे सांगून सुटका नाही. मुलाला अठरा पूर्ण असतील, तर मुलगी सोळा ते अठरातली असली तरी किमान शिक्षा दहा वर्षं, सोळाच्या आतली असली तर वीस. रागाच्या भरात केलेली ही तक्रार नंतर आपसात मिटवून मागे घेता येत नाही. मग मुलीलाही तपासणीला आणि कोर्टात उभं राहावं लागतं. हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाने नोव्हेंबर 2022 मध्ये अशाच एका खटल्यात सांगितलं की नववीपासूनच्या मुलांना हा कायदा शिकवा. शाळेची वाट कशाला बघता? तुम्हीच सांगा. स्पष्ट सांगा: आवडणं गुन्हा नाही, बोलणं गुन्हा नाही, पण अठराच्या आत शरीरसंबंध नाही आणि उघडे फोटो पाठवणं नाही. लाज वाटेल. वाटू द्या, पण सांगा.

दुसरा धोका घरातूनच येतो. ‘नाव खराब व्हायच्या आत मामाच्या पोराशी उरकून टाकू.’ थांबा! अठराच्या आतल्या मुलीचं लग्न कर्नाटकात कायद्याने मुळातच रद्द आहे. सीमेपलीकडे जाऊन लावलं तरी लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि लेकीची पीयूसी गेली ती गेलीच.

नाव, अब्रू म्हणता, तर वंटमुरी आठवा. डिसेंबर 2023. मुलीचा साखरपुडा दुसऱ्या दिवसावर आला होता, ती आपल्या आवडीच्या मुलासोबत निघून गेली. तिच्या घरच्यांनी मध्यरात्री त्या मुलाच्या आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र करून गावातून फिरवलं, विजेच्या खांबाला बांधलं. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि नुसते बघत उभे राहिलेल्यांनाही सुनावलं. मारणारे काही सराईत गुन्हेगार नव्हते. ती मुलीच्या नात्यातलीच माणसं होती, रागाच्या भरात.

तुम्ही तशी माणसं नाही. म्हणून भावकीत कुणी ‘बघून घेऊ’ म्हणालं की तिथल्या तिथे अडवा. शेजारी पोरीला कोंडल्याचं कळलं तर दार वाजवा. एक अपवाद मात्र डोक्यात पक्का ठेवा: समोरचा पंचविशीचा बाप्या असेल, शिकवणारा असेल, धमकावत असेल, फोटो दाखवून अडकवत असेल, तर ते प्रेमप्रकरण समजू नका. लेकराला दोष देऊ नका, मोबाइलमधलं काही पुसू नका, 1098 ला फोन लावा. जीवाला धोका वाटला तर 112. हे दोन नंबर आज जेवणाआधी पोरांच्या आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.