इन्व्हर्टर एसीचे पैसे किती वर्षांत नाही, किती तासांत सुटतात ते बघा

दुकानात एसी घ्यायला गेलात की सेल्समन ठरलेलं वाक्य टाकतो, "इन्व्हर्टर घ्या, दोन-अडीच वर्षांत वरचे पैसे वसूल." तो खोटं बोलत नाही, पण त्याच्या हिशोबातले तास तुमचे नसतात.

एसीवर बीईईचं स्टार लेबल असतं आणि त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते युनिट वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेले आहेत. आता स्वतःला विचारा, पेठ वडगावात तुमचा एसी वर्षात १६०० तास चालतो का?

एक उदाहरण घेऊ. दोन्ही एसी दीड टनाचे. समजा साध्याच्या लेबलवर ११०० युनिट आहेत आणि इन्व्हर्टरच्या लेबलवर ८००. फरक ३०० युनिट. त्याला १६०० ने भागलं की तासाला साधारण ०.१९ युनिट वाचतात. दर युनिटला १२ रुपये धरला, तर एका तासाची बचत झाली सव्वादोन रुपये. किमतीतला फरक समजा ९००० रुपये. ९००० भागिले सव्वादोन म्हणजे ४००० तास. हाच तुमचा खरा आकडा. वर्षं नंतर काढायची.

दर मात्र स्वतःच्या बिलावरून काढा. महावितरणच्या बिलातला स्थिर आकार बाजूला ठेवा, कारण एसी लावला नाही तरी तो भरायचाच आहे. (एसीसाठी मंजूर भार वाढवावा लागला तर गोष्ट वेगळी, पण तो दोन्ही एसींना वाढेल.) वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क यांची बेरीज करून युनिटने भागा. थोडा इकडचा तिकडचा फरक राहतो, पण आपल्या कामाला पुरतो.

आता तास. मोबाईलचं दुकान घेऊ. आपल्याकडे उन्हाळा मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, मग पाऊस, नंतर थोडी ऑक्टोबर हीट. त्यात बरेच जण दुपारी दीड ते चार शटर ओढून घरी जेवायला जातात, म्हणजे सगळ्यात तापलेल्या वेळी एसी बंदच! उन्हाळ्याचे ७५ दिवस रोज ४ तास म्हणजे ३००, आणि ऑक्टोबरचे २५ दिवस ३ तासांप्रमाणे ७५. एकूण ३७५ तास. ४००० भागिले ३७५, जवळपास पावणेअकरा वर्षं. तोवर एसी तरी टिकेल का, ते बघा.

शेजारच्या ब्युटी पार्लरचं गणित उलटं. दार बंद, ड्रायरची उष्णता, गिऱ्हाईक तासभर बसलेलं. रोज ७ तास, महिन्याचे २६ दिवस, वर्षाचे ९ महिने धरले तर १६३८ तास. अडीच वर्षांच्या आत वसूल. तिथं साधा एसी घेणं मला परवडणारं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मोबाईलवाल्याच्या विरोधात जाते. इन्व्हर्टरची मुख्य बचत खोली थंड झाल्यावर होते. तेव्हा त्याचा कॉम्प्रेसर वेग कमी करून हळू चालत राहतो, साधा एसी मात्र बंद-चालू होत राहतो. पण बाजाराच्या दिवशी दार मिटतच नसेल, तर खोली थंड होणार कधी? मग इन्व्हर्टरही पूर्ण वेगातच पळतो आणि तासाची सव्वादोन रुपये बचत घटते. हे ओळखायला सोपं आहे. जुना साधा एसी असेल तर दुपारी आउटडोअर युनिटजवळ पंधरा-वीस मिनिटं उभे राहा. कॉम्प्रेसर एकदाही बंद पडला नाही, तर तुमच्या दुकानात गारवा टिकत नाही किंवा एसी जागेला लहान पडतोय. आधी ते बघा, नवीन एसी नंतर.

दुरुस्तीही हिशोबात धरा. इन्व्हर्टरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट, ज्याला मेकॅनिक पीसीबी म्हणतो, महाग असतं. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी मोठ्या अक्षरात असते, पीसीबीची किती ते कार्डावर शोधून वाचा. वॉरंटीनंतर ४५०० रुपयांचा एक खर्च निघाला, तर २००० तासांची बचत गेली.

म्हणून माझं मत असं की तास ५०० च्या आत असतील, तर साधा एसी घ्या. वाचलेल्या ९००० मधून दाराला डोअर क्लोजर आणि पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली करा, उरलेले मालात घाला. चार्जर-कव्हरमध्ये ते पैसे वर्षात किती वेळा फिरतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पण दोन कोटेशनमधला फरक हजार-दोन हजारच निघाला, तर ताणत बसू नका, इन्व्हर्टर घ्या. दोन हजाराला नऊशेच तास लागतात.

तास अंदाजाने सांगू नका, आपण सगळे ते वाढवूनच सांगतो. एसी आधीच असेल तर त्याच्या लाईनवर सबमीटर बसवून घ्या, आणि गल्ल्याजवळच्या वहीत चालू-बंदची वेळ एप्रिलचा महिनाभर लिहा.