अवतरणाची मर्यादा : मोजणीची की प्रयोजनाची?

मराठी समीक्षाव्यवहारात अवतरणाविषयी दोन समजुती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पहिलीनुसार ठरावीक ओळींपर्यंतचे अवतरण निर्धोक असते. त्यापुढे प्रकाशकाची अनुमती हवी. दुसरीनुसार लेखकाचे व ग्रंथाचे नाव दिले की कितीही उतारा घेण्यास हरकत नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांचे मूळ एकच आहे : अवतरण कशासाठी घेतले, हा प्रश्न त्या विचारीतच नाहीत.

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम समीक्षेसाठी केलेल्या न्याय्य व्यवहाराला मुभा देते. त्या तरतुदीत ओळींची वा शब्दांची कोणतीही संख्या नाही. संख्या याच कलमात अन्यत्र येते : शैक्षणिक उपयोगासाठीच्या संकलनात एकाच लेखकाच्या ग्रंथांतील दोनपेक्षा अधिक उतारे एकाच प्रकाशकाने पाच वर्षांच्या अवधीत छापू नयेत, अशी अट तेथे आहे. ही अट पाठ्यपुस्तकांच्या संपादकासाठी आहे. तो उतारा वाचण्यासाठी देतो. समीक्षक तो तपासण्यासाठी देतो. एकाचे माप दुसऱ्याला लावणे हा प्रयोजनाविषयीचाच गोंधळ होय.

प्रयोजनाचा निकष किती दूर जातो, हे केरळमधील एका खटल्यातून स्पष्ट होते. तोप्पिल भासी यांचे 'निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की' हे मल्याळम नाटक १९५२ साली रंगभूमीवर आले. १९९५ मध्ये सिविक चंद्रन यांनी त्याला उत्तर देणारे प्रतिनाटक लिहिले. त्याचे शीर्षकच मूळ शीर्षकाला प्रश्न विचारणारे होते : तुम्ही कम्युनिस्ट केले ते कोणाला? प्रतिनाटकात मूळ नाटकातील पात्रे होती, प्रसंग होते, संवादही होते. भासी यांच्या वारसांनी न्यायालयात धाव घेतली. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली तीन गोष्टी तपासल्या. घेतलेल्या मजकुराचे प्रमाण व मोल हे त्यावरील भाष्याच्या तुलनेत किती आहे? तो कोणत्या हेतूने घेतला? आणि नवी कृती मूळ कृतीशी स्पर्धा करील काय? घेतलेला मजकूर थोडा नव्हता. तरीही तो मूळ नाटकाच्या टीकेसाठी होता, म्हणून न्यायालयाला हा व्यवहार प्रथमदर्शनी न्याय्य वाटला.

या निर्णयातील पहिली कसोटी समीक्षकाने नीट वाचावयास हवी. मजकुराची तुलना तेथे केवळ मूळ ग्रंथाच्या आकाराशी केलेली नाही. ती भाष्याशी केली आहे. अरुण कोलटकरांची एखादी आठ ओळींची कविता घ्यावी. कोलटकरांचे निधन २००४ साली झाले. त्यांच्या कवितेवरील हक्क अद्याप अबाधित आहेत. समीक्षकाने आठही ओळी देऊन त्यांतील क्रियापदांचा क्रम, विरामांची जागा, अखेरच्या ओळीतील कलाटणी यांचे चार पृष्ठे विवेचन केले, तर संपूर्ण कविता घेऊनही न्याय्यतेची बाजू भक्कम राहते. दुसऱ्याने त्याच कवितेच्या चारच ओळी लेखाच्या माथ्यावर डकविल्या आणि पुढे त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही, तर तेथे समीक्षाच नाही. मग समीक्षेची मुभा कोणत्या आधारावर मागावयाची? याची ओळख पटविणे अवघड नसते. अवतरण वगळून लेख वाचावा. युक्तिवाद तसाच उभा राहत असेल, तर अवतरण शोभेचे होते. उलट, लेख वगळून केवळ अवतरणे वाचली असता मूळ ग्रंथ वाचण्याची गरजच उरत नसेल, तर लेखाने मूळ ग्रंथाची जागा बळकावली आहे.

दुसरी समजूत श्रेयनिर्देशाला परवान्याचे रूप देते. वस्तुतः श्रेय आणि अनुमती या भिन्न बाबी आहेत. मर्ढेकर १९५६ साली निवर्तले; लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा नियम लावता त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांवरील हक्क २०१६ च्या अखेरीस संपले. आता त्या कविता समग्र छापण्यास अनुमती लागत नाही. परंतु कवीचे नाव न देता त्या ओळी वापरणे आजही वाङ्मयचौर्यच ठरते. याउलट हक्क अबाधित असलेल्या कादंबरीचे आख्खे प्रकरण संपूर्ण श्रेयनिर्देशासह छापले, तरी ते अतिक्रमणच राहते.

श्रेयनिर्देशाची स्पष्टता म्हणजे तरी काय? नुसते लेखकाचे नाव पुरेसे नाही. ज्ञानेश्वरीची ओवी देताना राजवाडे प्रत की साखरे प्रत, हे न सांगणारा अभ्यासक वाचकाला पडताळणीचा मार्गच नाकारतो, कारण पाठभेदासह अर्थही बदलतो. तसेच दुसऱ्याच्या लेखातून उचललेले अवतरण मूळ ग्रंथ पाहिल्याच्या थाटात देणे, ही प्रबंधांतून रूढ झालेली लबाडी आहे. मधल्या अभ्यासकाने गाळलेला शब्दही अशा वेळी पुढच्या प्रबंधात जसाच्या तसा गळतो, आणि ही उसनवारी त्या गाळलेल्या शब्दावरूनच उघडी पडते.

ओळी मोजणाऱ्या संपादकाने म्हणून मोजपट्टी बाजूला ठेवावी आणि लेखकाला एकच प्रश्न विचारावा : या ओळींविषयी आपण नेमके काय म्हटले आहे? ज्या अवतरणाला उत्तर नाही, ते दोन ओळींचे असले तरी काढून टाकावे.