तिकिटाचे पैसे आपले केव्हा होतात?



माझी भाची खाकरे उत्तम करते. पर्युषणाआधी तिने ऑनलाइन सशुल्क कार्यशाळा घेण्याचे ठरविले आणि विषय ठेवला ‘जैन स्वयंपाक’. मी विचारले, “लोक तुला नेमके काय विचारतात?” ती म्हणाली, “मामा, सगळ्यांचे एकच दुखणे. खाकरा कडेला करपतो आणि मध्ये मऊ राहतो.” विषय तोच ठरला: कणीक मळण्यापासून मंद आचेवर दट्ट्याने दाबून खाकरा भाजेपर्यंत, दोन तासांत. जिथे हात चुकतो, ती जागा दाखविण्यासाठीच माणूस पैसे देतो. पदार्थांची नुसती यादी त्याला फुकटही मिळते.

मग दराचा प्रश्न आला. इतर लोक किती घेतात, यावरून तिने ९९ रुपये योजिले होते. आम्ही कागद घेतला. सभेच्या व्यवस्थेचे एका महिन्याचे शुल्क, तव्यावर रोखलेला दुसरा मोबाइल धरणारे स्टँड, दिवा, साहित्य आणि मदतनीस मुलीचे मानधन मिळून ४,००० रुपये होत होते. तिच्या स्वतःच्या १२ तासांचे, तासाला २५० रुपयांप्रमाणे, ३,००० धरले. एकूण ७,०००. खात्रीने येतील अशी माणसे वीस. म्हणून दर ३५० रुपये. भागाकार नेहमी खात्रीच्या संख्येने करावा, आशेच्या संख्येने नव्हे. पैसे ओळखीच्या लोकांकडून थेट यूपीआयने घेतले. पेमेंट गेटवे वापरला असता तर साधारण दोन टक्के शुल्क व त्यावर जीएसटी कापला गेला असता, आणि रक्कम परत करताना ते शुल्क बहुधा परत मिळत नाही. तो तोटा आयोजकानेच सोसावयाचा असतो.

व्यवस्थेचे शुल्क भरणे आवश्यक होते. कारण झूमची विनाशुल्क सभा ४० मिनिटांनी संपते आणि गूगल मीटवर तीन किंवा अधिक माणसे असल्यास ६० मिनिटांनी. मदतनीस मुलीला मात्र सहयजमान करावयाचे राहिले, आणि परतीचे नियमही लिहावयाचे राहिले. दोन्ही चुका एकाच रविवारी भोवल्या.

२८ जणींनी नावे नोंदविली. ९,८०० रुपये जमले. पन्नासाव्या मिनिटाला पावसाने वीज गेली, वायफाय बंद पडले आणि सभा तुटली. तवा तापलेला, पहिला खाकरा अर्धा भाजलेला! संध्याकाळपर्यंत ११ जणींनी पैसे मागितले. तिने मुकाट्याने ३,८५० रुपये परत केले. उरले ५,९५०. खर्च वजा जाता १,९५० शिल्लक राहतात, असे तिने मला सांगितले.

मी म्हणालो, “ज्या १७ जणी काही बोलल्या नाहीत, त्यांचे ५,९५० कोणाचे?” बँकेत आम्ही आगाऊ आलेली रक्कम उत्पन्नात दाखवीत नसू, सेवा पुरी होईपर्यंत ते देणे असते. सेवा न देता ठेवून घेतलेले पैसे आपल्या भाषेत अदत्तादानाच्या जवळ जातात. मागणारीला परत आणि गप्प बसणारीला काहीच नाही, हा तर न्यायही नव्हे.

तिने सतराही जणींना त्याच रात्री एकच निरोप धाडला: पुढच्या रविवारी पुन्हा पूर्ण कार्यशाळा, अथवा पूर्ण रक्कम परत; निवड तुमची. १३ जणी आल्या, ४ जणींनी १,४०० रुपये परत घेतले. मदतनीस मुलीने दुसऱ्यांदा मानधन घेतले नाही. हाती उरले ४,५५०. त्यातून ४,००० खर्च गेला. श्रमांपोटी ५५० रुपये मिळाले. भाची हसून म्हणाली, “मामा, आता हे पैसे माझे.”

पुढच्या वेळेचे नियम तिने नोंदणीच्या निरोपातच, पैसे भरण्याच्या क्रमांकाच्या वर लिहिले. ४८ तास आधी कळविल्यास पूर्ण परतावा. त्यानंतर परतावा नाही, पण आपली जागा दुसऱ्या भगिनीला देता येईल. न कळविता गैरहजर राहिल्यास सात दिवस ध्वनिचित्रफीत पाहता येईल. आमच्याकडून खंड पडल्यास पुन्हा कार्यशाळा किंवा पूर्ण रक्कम, आणि तीही कोणी न मागता, तीन दिवसांच्या आत. सहयजमान मुलगी आता दुसऱ्या घरून, मोबाइलच्या इंटरनेटवर बसते; म्हणजे एका घरची वीज गेली तरी सभा उघडी राहते.

आणि एक शिस्त: तिकिटांची रक्कम वेगळ्या बचत खात्यात पडून राहते. कार्यशाळा होऊन परताव्याची मुदत संपली, की मगच ती घरखर्चाच्या खात्यात येते.