‘नो अॅडेड शुगर’, पण पाठ फिरवून बघा!

नागफणीला जायला कुरवंड्यात उतरलात, की सॅकमधला प्रोटीन बार काढा आणि उलटा करा. पुढे मोठ्ठं ‘नो अॅडेड शुगर’. मागे घटकांमध्ये माल्टिटॉल किंवा ९६५ हा आकडा आहे का? ही शुगर अल्कोहोल. (दारूशी संबंध नाही!) साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी, हिच्यात साधारण २. म्हणजे १५ ग्रॅम असेल तर ३० कॅलरी आल्याच, रक्तातली साखरही थोडी वाढते. न पचलेला भाग आतड्यात पाणी ओढतो, गॅस करतो. म्हणूनच पॉलिऑल्समुळे जुलाब होऊ शकतात, ही सूचना बारीक अक्षरात असते. कड्यावर दोन-तीन बार खाल्ल्यावर ती वाचून काय उपयोग? मला विचाराल तर लोणावळ्याची चिक्की न्या. गोड तीही भरपूर आहे, पण तसं सांगूनच विकली जाते.