स्वप्नात जागं राहण्यासाठी पहाटेचा गजर लावायचा का?

स्वप्न पडत असतानाच 'हे स्वप्न आहे' असं कळणं, याला ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात. हा भोंदूपणा नाही. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी झोपलेल्या माणसाकडून ठरलेल्या पद्धतीने डोळ्यांची हालचाल करून घेतली आणि यंत्रावर तिची नोंद घेतली. इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी १९७५मध्येच तसा प्रयोग केला होता. त्यामुळे हे खरं आहे का, हा प्रश्न आता उरलेला नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहून आपल्या पोरांनी पहाटे साडेतीनचा गजर लावावा का, हा प्रश्न मात्र आहे.

गजर त्याच वेळेला का, तेही पाहू. स्वप्नं मुख्यतः आरईएम झोपेत पडतात. साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये ही झोप येते आणि पहाटेकडे तिचा वेळ वाढत जातो. म्हणून पाच तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, मग पुन्हा पडून मनाशी घोकायचं, 'पुढचं स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे माझ्या लक्षात येईल.' नुकतं पडलेलं स्वप्न डोळ्यांसमोर आणायचं आणि त्यात आपण ते ओळखतोय अशी कल्पना करायची. लाबर्ज यांची ही पद्धत माइल्ड या नावाने ओळखली जाते.

ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड विद्यापीठाचे डेनहोम अॅस्पी यांनी २०१७मध्ये हे तपासलं. दिवसा 'मी आता स्वप्नात आहे का' अशी खातरजमा करणं, पाच तासांनी उठणं आणि माइल्ड या तिन्हींची जोड आठवडाभर करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के वेळा यश आलं. पण घोकून झाल्यावर पाच मिनिटांत झोप लागली असेल, तर यशाचं प्रमाण ४६ टक्क्यांवर गेलं. झोपेची प्रत बिघडल्याचंही दिसलं नाही.

हा निष्कर्ष ऐकून 'मग धोका नाही' असं म्हणणारे घाई करतात, असं माझं मत आहे. पाच मिनिटांत पुन्हा डोळा लागतो तो मुळात चांगला झोपणारा माणूस. ज्याला लागत नाही, त्याला स्वप्नही मिळत नाही आणि झोपही जाते.

समजा, पुसदचा एक विद्यार्थी साडेदहाला झोपतो आणि सहाला उठतो. म्हणजे साडेसात तास. साडेतीनला गजर झाला, दहा मिनिटं जागा राहिला आणि लगेच झोपला, तर नुकसान फारसं नाही. पण गजर बंद करताना व्हॉट्सअॅप उघडलं आणि पाच वाजेपर्यंत डोळा लागलाच नाही, तर झोप सहा तासांवर येते. गेलेला दीड तास नेमका आरईएम भरपूर असणारा. ज्या झोपेत स्वप्न शोधायचं होतं, तीच कापली गेली. हेच आठवड्यातून चार रात्री केलं, तर सहा तासांचा खड्डा.

आपल्या जिल्ह्यात तर ही झोप अनेकांची आधीच तुटलेली आहे. रात्रीची लाईन आली की हरभऱ्याला पाणी द्यायला उठणारा शेतकरी, वणीच्या कोळसा खाणीत पाळ्या बदलत काम करणारा कामगार. त्यांनी वर आणखी एक गजर लावू नये, इतकं मी स्पष्ट म्हणेन.

इस्रायलमधल्या संशोधक निरित सोफर-डुडेक यांनी यात एक महत्त्वाचा फरक दाखवला आहे. असं स्वप्न आपसूक पडणं वेगळं आणि ते मुद्दाम पाडायचा सराव करणं वेगळं. झोपेच्या तक्रारी आणि भोवतालचं खरं न वाटण्याचा अनुभव यांचा संबंध त्यांना दुसऱ्या गोष्टीशी जास्त दिसला. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तरी ज्यांना भास होतात किंवा स्किझोफ्रेनिया, बायपोलरचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

स्वप्न लक्षात ठेवायचा सराव मात्र मला बिनधोक वाटतो, कारण त्याला गजर लागत नाही. सकाळी आपोआप जाग आली की कूस न बदलता, डोळे मिटूनच पडून राहायचं. शेवटचं काय आठवतं ते धरायचं आणि तिथून मागे मागे जायचं. मग उशाच्या वहीत चार शब्द लिहायचे: विहीर, आजी, पिवळी बस. मोबाईलवर नाही, कारण पडद्यावरची पहिली सूचनाच स्वप्न पुसून टाकते. मधल्या रात्री जाग आली तर लिहीत बसायचं नाही.

गजराचा प्रयोग करायचाच असेल, तर दुसऱ्या दिवशी सुटी असलेली एकच रात्र निवडा. त्याच वहीत पुन्हा झोप लागायला किती वेळ गेला आणि दुपारी डुलकी आली का, हे टिपा. लागोपाठ दोनदा वीस मिनिटांहून जास्त वेळ गेला, तर गजर काढून टाका आणि वही तेवढी चालू ठेवा.